कराराप्रमाणे नाव होतं

‘थ्री इडियट्स’ २५ डिसेंबर २००९ रोजी प्रदर्शित झाला आणि काही दिवसांतच चेतन भगत यांनी जाहीर तक्रार केली. आपल्या ‘फाइव्ह पॉइंट समवन’ या कादंबरीवर चित्रपट बेतलेला असताना सुरुवातीच्या टायटल्समध्ये आपलं नाव नाही, तिथे कथेचं श्रेय अभिजात जोशी आणि राजकुमार हिरानी यांना दिलेलं आहे, आणि आपलं नाव येतं ते चित्रपट संपल्यावर वर सरकत जाणाऱ्या नामावलीत, असं त्यांचं म्हणणं होतं. निर्माते विधू विनोद चोप्रा यांचं उत्तर सरळ होतं. भगत यांनी सही केलेला करार त्यांनी पुढे केला. त्यात लिहिलं होतं की लेखकाला आणि पुस्तकाला ‘रोलिंग क्रेडिट्स’मध्ये श्रेय दिलं जाईल, आणि त्या श्रेयाचा मजकूरही शब्दशः ठरवलेला होता. तोच मजकूर, त्याच जागी पडद्यावर आला होता. करार पाळला गेला होता.

वाहिन्यांनी त्या वादात दोन्हीकडचा राग दाखवला आणि विषय संपवला. अधिक पुस्तकातलं की अधिक पटकथेतलं, यावर टक्क्यांची भांडणं झाली. खरा धडा मात्र त्या करारातल्या एका ओळीत होता, आणि तो आजही आपल्याकडच्या बहुतेक लेखकांपर्यंत, तंत्रज्ञांपर्यंत पोहोचलेला नाही. पडद्यावर नाव येणं आणि श्रेय मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावाआधी कोणता शब्द आहे, ते कोणत्या जागी आहे, एकटं आहे की गर्दीत, आणि पडद्यावर किती वेळ थांबतं, यावर त्या नावाचा अर्थ ठरतो. भगत यांच्या करारात शब्द होता, जागाही होती. पण ती जागा म्हणजे काय, हे सही करताना त्यांच्या बाजूने कुणी तपासलेलं दिसत नाही.

जागेचं गणित आधी पाहू. सुरुवातीच्या टायटल्सचा क्रम हा चढता असतो. निर्मितीसंस्था, मग मुख्य कलाकार, चित्रपटाचं नाव, मग तंत्रज्ञ. तंत्रज्ञांमध्ये वेशभूषा, ध्वनी, कला दिग्दर्शन, संकलन, छायालेखन असं करत करत आपण लेखकापर्यंत येतो, त्यानंतर निर्माता आणि सगळ्यांत शेवटी दिग्दर्शक. मधल्या खात्यांचा क्रम चित्रपटागणिक थोडा बदलतो, पण टोक बदलत नाही. शेवटच्या कार्डाच्या जितकं जवळ, तितका मान मोठा. चित्रपट थेट दृश्याने सुरू करून ही सगळी कार्डं शेवटी नेली, तर क्रम उलटा होतो. पडदा काळा झाल्यावर पहिलं नाव दिग्दर्शकाचं येतं आणि मग उतरत्या क्रमाने बाकीची. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून घरं धुमसतात. इथे त्या क्रमावर पुढचं काम आणि पुढचं मानधन ठरतं.

कलाकारांच्या यादीतही शेवटची जागा ही मानाची असू शकते. प्राण यांचं नाव सगळ्या कलाकारांच्या नंतर ‘आणि प्राण’ असं स्वतंत्र येत असे. ते इतकं रूढ झालं की त्यांच्या चरित्राचं नावही तेच ठेवलं गेलं. अमेरिकेत ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (१९७४) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन हे दोघेही पहिल्या नावाचे मानकरी होते. तेव्हा मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली आणि न्यूमनचं उजवीकडे पण वर, अशी मांडणी केली गेली. डावीकडून वाचणाऱ्याला एक पहिला दिसावा, वरून खाली पाहणाऱ्याला दुसरा. नटांचे प्रतिनिधी अशा मांडणीसाठी आठवडेच्या आठवडे वाटाघाटी करतात, कारण जागेची किंमत त्यांना पुरती ठाऊक असते. लेखकाच्या बाजूने तितक्या नेटाने बोलणारं आपल्याकडे क्वचित कुणी असतं.

आता शब्द. आपल्या चित्रपटांत लेखनाचे तीन तुकडे पडतात: कथा, पटकथा आणि संवाद. हे विभाजन चांगलं आहे, कारण तीन वेगळी कामं त्यातून वेगळी दिसतात. पण कादंबरी किंवा नाटकावरून चित्रपट होतो तेव्हा ‘कथा’ या कार्डाचं काय करायचं, याचा नियम आपल्याकडे नाही. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) आठवा. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. दोन कादंबऱ्यांतून एक चित्रपट उभा करणं हे मोठं काम आहे आणि ते तेंडुलकरांचं आहे. ती माणसं, ते मंत्रालय, तो सत्तेचा खेळ साधूंचा आहे. मराठी वाचकाला या दोन नावांत कधी गोंधळ वाटला नाही, कारण दोन्ही कामं काय आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

‘थ्री इडियट्स’च्या बाबतीत हे स्पष्ट राहिलं नाही. कराराने भगत यांना ‘कादंबरीवर आधारित’ एवढी ओळ दिली होती. ‘कथा’ हे कार्ड कुणाला द्यायचं याबद्दल त्यातल्या श्रेयाच्या कलमाने काही बांधून ठेवलं नव्हतं, म्हणून ते मोकळं राहिलं. हिरानी आणि जोशी यांनी कादंबरीत खूप बदल केले होते, नवे प्रसंग रचले होते, हे पुस्तक वाचलेल्या कुणालाही दिसतं. त्यांच्या कामाला नाव हवंच होतं. पण एकाच चित्रपटात एका टोकाला ‘कथा’ आणि दुसऱ्या टोकाला ‘आधारित’ अशी दोन श्रेयं वेगवेगळ्या नावांनी आली, तर पाहणारा त्यांचा अर्थ कसा लावणार? पुरस्कारांनी तो कार्डाप्रमाणे लावला. २०१० च्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथेचं पारितोषिक जोशी आणि हिरानी यांना मिळालं. परीक्षक पुस्तक उघडून पाहत बसत नाहीत, टायटलवरचं खातं पाहतात.

नेमक्या याच पेचासाठी अमेरिकेतल्या लेखकसंघाने, म्हणजे ‘रायटर्स गिल्ड’ने, फार पूर्वी उत्तर काढून ठेवलं आहे. तिथे कादंबरीवरून चित्रपट असेल तर ‘कथा’ हे साधं श्रेय पटकथाकाराला मिळत नाही. त्याला पटकथेचं श्रेय मिळतं आणि मूळ कादंबरीचा उल्लेख त्याच कार्डावर येऊ शकतो, म्हणजे दोन्ही नावं प्रेक्षकाला एका नजरेत दिसतात. पण पटकथाकाराने मूळ पुस्तक केवळ उडी मारायच्या फळीसारखं वापरून बरीच नवी कथा रचली असेल, तर त्यासाठी वेगळं श्रेय आहे: ‘स्क्रीन स्टोरी’, पडद्यासाठी रचलेली कथा. ते मिळालं तरी मूळ कादंबरीचा उल्लेख राहतो. ही सोय आपल्याकडे असती, तर हिरानी-जोशी यांचं नवं कामही नोंदलं गेलं असतं आणि भगत यांचं नावही त्याच्या शेजारी राहिलं असतं.

त्या संघाची रीत थोडी तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे ‘तिकडे नियम आहेत’ एवढंच बोललं जातं आणि ते नियम चालतात कसे हे कुणी सांगत नाही. चित्रीकरण संपलं की निर्मितीसंस्थेला एक तात्पुरती सूचना काढावी लागते: लेखनाचं श्रेय आम्ही अमुक शब्दांत, अमुक नावांना देणार आहोत. ही सूचना आणि अंतिम संहिता त्या चित्रपटावर काम केलेल्या प्रत्येक लेखकाला जाते. अर्ध्यावर काढून टाकलेल्या लेखकालाही. कुणी हरकत घेतली तर प्रकरण लवादाकडे जातं. तीन अनुभवी लेखक सगळे खर्डे वाचतात. वाचताना त्यांना लेखकांची नावं कळत नाहीत, ‘लेखक अ’, ‘लेखक ब’ एवढंच कळतं. लवाद कोण आहेत हे लेखकांनाही कळत नाही. अंतिम पटकथेत ज्याचा वाटा साधारण एक तृतीयांशाहून जास्त, त्याला पटकथेचं श्रेय. मूळ पटकथा पहिल्या लेखकाची स्वतंत्र असेल, तर नंतर आलेल्याला निदान निम्मं काम दाखवावं लागतं, कारण कोऱ्या कागदावर पहिलं काही उभं करणाऱ्याला अधिक संरक्षण हवं असं संघ मानतो.

दोन नावांमध्ये ‘&’ हे चिन्ह असेल तर दोघांनी एकत्र बसून लिहिलं आणि ‘and’ असा शब्द असेल तर एकाने लिहिल्यावर दुसऱ्याने पुन्हा लिहिलं, हेही तिथे ठरलेलं आहे. आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो नियम असा: दिग्दर्शकाचं किंवा निर्मात्याचं नाव लेखक म्हणून सुचवलं गेलं, आणि इतर लेखकही त्यात असतील, तर कुणी हरकत घेवो न घेवो, लवाद आपोआप बसतो. कारण ज्याच्या हातात पुढचं काम आहे त्याच्याविरुद्ध हरकत घ्यायला लेखक धजत नाही, हे गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडच्या टायटल्समध्ये ‘पटकथा’ या शब्दापुढे दिग्दर्शकाचं नाव किती वेळा दिसतं, ते मोजायला एक संध्याकाळ पुरेल. त्यातली बरीच नावं कामाची असतील. पण कोणती, हे तपासायची जागाच आपल्याकडे नाही.

हा संघ निर्दोष आहे असं नाही. टक्क्यांच्या खाली राहिलेल्या लेखकाचं नाव वर्षानुवर्षं कुठेच येत नसे. २०२१ मध्ये सभासदांनी मतदान करून अशा लेखकांसाठी शेवटच्या नामावलीत ‘अतिरिक्त लेखनसाहित्य’ असं वेगळं श्रेय मान्य केलं. नियम काही वेळा सत्तेपुढे कोलमडलेही आहेत. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) या चित्रपटाच्या पटकथेचं श्रेय आणि ऑस्कर फ्रेंच कादंबरीकार पिएर बूल यांना दिलं गेलं. खरे लेखक कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन हे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत होते, म्हणून त्यांची नावं लावता येत नव्हती. त्यांना ते पारितोषिक १९८४ मध्ये जाहीर झालं तेव्हा दोघेही हयात नव्हते. म्हणजे नियम असूनही अन्याय होतो. पण तिथे दुरुस्ती करायला नोंद होती, खर्डे होते, आणि ती दुरुस्ती करणारी संस्था होती.

आता त्या ‘रोलिंग क्रेडिट्स’कडे, म्हणजे धावत्या नामावलीकडे वळू. जुन्या चित्रपटांत ती जवळपास नसेच. सगळी नावं सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत कार्डांवर यायची आणि शेवटी फक्त ‘समाप्त’. फिल्मच्या काळात याला पैशाचंही कारण होतं. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. पाच मिनिटांची नामावली म्हणजे प्रत्येक प्रतीमागे ४५० फूट जादा, गुणिले जितक्या प्रती तितके. डिजिटल आल्यावर हा खर्च उरला नाही, नामावली लांबली, आणि पूर्वी ज्यांची नावं कुठेच नसत अशा शेकडो कामगारांची नावं आली. ही फार चांगली गोष्ट झाली. लाइटमन, स्पॉट, ड्रायव्हर, व्हीएफएक्सच्या खोलीत रात्री काढणारी मुलं यांना घरच्यांना दाखवायला एक ओळ मिळाली.

पण त्या ओळीचं आयुष्य किती असतं ते पाहा. पडदा उभा १०८० बिंदूंचा धरला आणि नामावली दर फ्रेमला तीन बिंदू वर सरकली, तर एक ओळ तळापासून माथ्यापर्यंत जायला ३६० फ्रेम लागतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १५ सेकंद. बिंदूंची संख्या पूर्णांकात ठेवावी लागते, नाहीतर अक्षरं थरथरतात आणि वाचताना डोळा ताणतो. थरथरणारी नामावली दिसली की तिथे हिशेब चुकला आहे असं समजावं. एका ओळीला ४५ बिंदू दिले तर एका वेळी पडद्यावर २४ ओळी असतात आणि पाच मिनिटांत ४८० ओळी जातात. निर्मात्याला अडीच मिनिटांतच उरकायचं असेल, तर वेग दुप्पट होतो आणि तीच ओळ साडेसात सेकंदांत निघून जाते. सुरुवातीचं एक कार्ड जेमतेम तीन-चार सेकंद टिकतं. म्हणजे धावत्या नामावलीतली ओळ कार्डापेक्षा जास्त वेळ पडद्यावर असते, तरीही ती वाचली जात नाही. कारण कार्डावर नाव एकटं असतं आणि इथे तेवीस नावं सोबत असतात. शिवाय आपल्या चित्रपटगृहांत तोवर दिवे लागलेले असतात, दारं उघडलेली असतात, आणि सफाईचे कर्मचारी आत आलेले असतात.

ज्या शेकडो जणांची कामं एकमेकांच्या जोडीने झाली, त्यांच्यासाठी ही जागा रास्त आहे. खातेवार, पदावार, कुणी कुणाच्या हाताखाली हे स्पष्ट करून नावं येतात, आणि पुढचं काम मागताना ती दाखवता येतात. पण ज्याच्या कृतीवर अख्खा चित्रपट उभा आहे, त्याचं एकमेव श्रेय तिथे ठेवणं हे मला कधीच पटलेलं नाही, करार काहीही म्हणो.

घरी पडद्यावर पाहताना तर तेवढंही उरलं नाही. ओटीटीवर सुरुवातीची टायटल्स वगळायला बटण असतं. शेवटची नामावली सुरू होताच चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. अशा वेळी जुन्या करारातलं ‘रोलिंग क्रेडिट्समध्ये श्रेय’ हे शब्द पाळले गेले तरी हातात काही येत नाही.

कायद्याचा आधार आहे का? थोडा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, हक्क विकले तरी ‘ही कृती माझी’ असं सांगायचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. पण ते सांगणं कोणत्या कार्डावर, कोणाच्या आधी, किती मोठ्या अक्षरांत, हे कायदा सांगत नाही आणि सांगूही शकणार नाही. ते ठरतं करारात आणि व्यवसायाच्या रिवाजात. मुंबईत ‘स्क्रीनरायटर्स असोसिएशन’ आहे, तिची तंटा-निवारण समिती आहे, आणि तिच्याकडे जाऊन लेखकांनी नावं मिळवलेली आहेत. पण ही समिती बहुधा भांडण झाल्यावर कामाला येते. भांडणाआधी, टायटल्स बनण्याआधी, सगळ्या लेखकांना सूचना पाठवण्याची सक्ती आपल्याकडच्या निर्मात्यावर नाही. १९७३ मध्ये ‘जंजीर’च्या पोस्टरवर नावं नाहीत म्हणून सलीम-जावेद यांनी रंगारी लावून मुंबईतल्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली. हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो. पण ज्या लेखकांकडे तो आत्मविश्वास आणि तो खर्च नव्हता, त्यांची नावं तशीच राहून गेली.

म्हणून लेखकांना, आणि खरं तर प्रत्येक खातेप्रमुखाला, माझी मागणी एवढीच आहे की करारातलं श्रेयाचं कलम दोन ओळींवर सोडू नका. ‘योग्य श्रेय दिले जाईल’ या वाक्याला काही अर्थ नसतो. त्याऐवजी चार गोष्टी लिहून घ्या. नावाआधीचा नेमका शब्द. आणि मूळ कृती तुमची असेल तर ‘कथा’ हे श्रेय दुसऱ्या कुणाला द्यायचं झाल्यास तुमचं नाव त्याच कार्डावर येईल ही अट. मुख्य टायटल्स चित्रपटाच्या सुरुवातीला असोत वा शेवटी, तुमचं नाव मुख्य टायटल्समध्ये, एरवी स्वतंत्र कार्डावर, पटकथेच्या कार्डाला लागून येईल. अक्षरांचा आकार पटकथाकाराच्या नावाइतकाच. आणि दिग्दर्शकाचं नाव ज्या पोस्टरवर, ज्या जाहिरातीत असेल तिथे तुमचंही असेल. निर्माता एखादी गोष्ट नाकारेल, दोन नाकारेल. निदान काय नाकारलं गेलं ते सही करण्याआधी कळेल.

पाचवी गोष्ट वेळेची आहे. टायटल्सची यादी निर्मितीच्या ऑफिसात, बहुतेकदा एखाद्या सहाय्यकाच्या लॅपटॉपवर, शेवटच्या घाईत तयार होते. ती संकलन पूर्ण झाल्यावर आणि सेन्सॉर मंडळाकडे प्रत जाण्याआधी सगळ्या संबंधितांना पाठवली जाईल, आणि हरकतीला ठरावीक दिवस दिले जातील, हे करारात असलं पाहिजे. प्रमाणपत्र मिळाल्यावर केलेला बदल मंडळाला कळवावा लागतो, चित्रपटगृहांसाठीची डिजिटल प्रत पुन्हा बनवावी लागते, आणि तेव्हा प्रत्येक निर्माता ‘आता उशीर झाला’ असं सांगतो. त्या टप्प्यावर त्याचं म्हणणं खरंही असतं.

भगत यांच्या पुढच्या वाटचालीत हे बदललेलं दिसतं. त्यांच्या ‘द थ्री मिस्टेक्स ऑफ माय लाइफ’ या कादंबरीवरून आलेल्या ‘काय पो छे!’ (२०१३) या चित्रपटाच्या पटकथाकारांत पुबाली चौधरी, सुप्रतीक सेन आणि अभिषेक कपूर यांच्याबरोबर चौथं नाव त्यांचं आहे, आणि त्या पटकथेला मिळालेल्या फिल्मफेअर पुरस्कारातही ते आहे. प्रसिद्ध कादंबरीकाराला हे नंतर साधतं. पहिली पटकथा घेऊन अंधेरीत फिरणाऱ्याला मात्र ते पहिल्याच करारात मिळायला हवं, आणि त्यासाठी लेखकांच्या संघटनेने निर्मात्यांशी बसून टायटल्सच्या पूर्वसूचनेचा नियम मान्य करून घ्यायला हवा.